महिन्याचा ओटी आधीच कसा काढायचा? चार्ट हातात, दांड्यांचा अंदाजही आहे, तरी आकडा चौपट चुकला

चार्टवाला

मंडळी, चोवीस तास चालणाऱ्या एका विभागाचा ड्यूटी चार्ट माझ्याकडे असतो. तीन पाळ्या, आठ-आठ तासांच्या. दर महिन्याच्या २० तारखेला पुढच्या महिन्याचा चार्ट लागतो आणि त्याच दिवशी अकाउंट्सला पुढच्या महिन्याच्या ओटीचा, म्हणजे ओव्हरटाइमचा, आकडा द्यावा लागतो. तो आकडा मी गेले आठ महिने देतोय आणि आठही महिने तोंडावर आपटतोय.

फक्त सकाळच्या पाळीचं सांगतो, म्हणजे गुंता कमी होईल. सात जागा आहेत. त्यातली एकही रिकामी ठेवता येत नाही, कारण कामच तसं आहे. वीकली ऑफ वगळून चार्टवर रोज आठ माणसं येतात, म्हणजे एक माणूस जादा. पण मंजूर रजा धरल्या की चित्र बदलतं. गेल्या महिन्यात ३० पैकी १८ दिवस आठ माणसं होती, ९ दिवस सात आणि ३ दिवस सहाच. चार्ट लागल्यानंतरच्या, म्हणजे न सांगता किंवा आदल्या रात्री फोन करून मारलेल्या दांड्या मी मस्टरवरून मोजल्या. चार्टवरच्या २२५ ड्यूट्यांपैकी १८ दांड्या, म्हणजे ८ टक्के. जवळपास दर महिन्याला एवढ्याच असतात.

माझा हिशेब असा होता. २२५ भागिले ३०, म्हणजे रोजची सरासरी साडेसात माणसं. त्यातून ८ टक्के गेले की ६.९ उरतात. लागतात ७. रोज ०.१ माणूस कमी, गुणिले ८ तास, गुणिले ३० दिवस, म्हणजे २४ तास. अकाउंट्सला २४ लिहून दिले. महिन्याअखेर रजिस्टरवर निघाले १०४. साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे माणसं सरासरीने पुरतात ना, मग हे कुठून आलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक कुठे आहे?

गोळाबेरीज

चूक अशी की तुम्ही फार कंजूषपणे धरलंय. आमच्याकडे एचआरचा गैरहजेरीचा टक्का घेतात आणि थेट लावतात. तुमच्याकडे पूर्ण चार्ट म्हणजे ८ गुणिले ३०, २४० ड्यूट्या. मंजूर रजा १५ आणि दांड्या १८, एकूण ३३ ड्यूट्या गेल्या, साधारण १४ टक्के. ३३ गुणिले ८ म्हणजे २६४ तास. तेवढं बजेट मागून ठेवायचं. कमी खर्च झाला तर कोणी फाशी देत नाही, जास्त झाला तर देतात.

नाहीतर सगळ्यात सोपं, मागच्या बारा महिन्यांचा ओटी घ्या, बाराने भागा, विषय संपला.

चार्टवाला

२६४ मागितले तर साहेब मलाच रजेवर पाठवतील. आणि बारा महिन्यांची सरासरी मी आधी काही महिने देऊन पाहिली. ज्या महिन्यात रजा कमी असतात तिथे ती जास्त निघते आणि रजांच्या महिन्यात निम्मीच पडते. पुढच्या महिन्याचा चार्ट समोर असताना त्याच्याकडे न बघताच आकडा द्यायचा, हे मला पटत नाही.

पावतीवाचक

माझाही हाच प्रश्न आहे. मी गेल्या महिन्यात ४ डबल ड्यूट्या केल्या. पगारपत्रकात ओटी ३२ तास दाखवलाय पण रक्कम मी काढली त्यापेक्षा कमी आहे. ओटी मूळ पगारावर काढतात की भत्ते धरून? कोणाला माहीत आहे का?

चार्टवाला

अहो, माझा प्रश्न वेगळा आहे. मी एका माणसाचा ओटी काढत नाहीये, विभागाचा पुढचा अंदाज काढतोय. तुमचं उत्तर तुमच्या नेमणूकपत्रात किंवा तिथल्या नियमात असेल, पगार विभागाकडून लेखी मागून घ्या.

जुना टाइमकीपर

चार्टवाले, तुमची आकडेमोड चुकलेली नाही. चुकलाय तो सरासरीवर टाकलेला भरवसा. तुमच्या हिशेबात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली गेली आहे. सोमवारी जो माणूस जादा होता तो मंगळवारी कामाला येईल, असं ती सरासरी धरून चालते. प्रत्यक्षात ज्या दिवशी कोणीच दांडी मारत नाही त्या दिवशी तुमचा आठवा माणूस आठ तास बसून जातो. तो वेळ पेटीत ठेवता येत नाही. आणि ज्या दिवशी दोघे दांडी मारतात त्या दिवशी ओटी द्यावाच लागतो. जादा आणि कमी एकमेकांना खात नाहीत. सरासरी मात्र ते खाऊन टाकते.

तुमचे १८ पूर्ण दिवस घ्या. आठ माणसं, प्रत्येकाची दांडी मारायची शक्यता ८ टक्के. अशा १०० सकाळी पाहिल्या तर साधारण ५१ सकाळी सगळे हजर असतात, ३६ सकाळी एक जण नसतो आणि १३ सकाळी दोन किंवा जास्त नसतात. पहिल्या ८७ सकाळी ओटी शून्य. उरलेल्या १३ सकाळींचा ओटी सगळ्या दिवसांवर पसरला तर एका दिवसाला साधारण १.२ तास पडतो. १८ दिवसांचे झाले २२ तास.

आता सात माणसांचे ९ दिवस. इथे जादा कोणी नाही, म्हणजे प्रत्येक दांडी थेट ओटी. ७ गुणिले ०.०८ गुणिले ८, रोजचे साडेचार तास. ९ दिवसांचे ४० तास.

आणि सहा माणसांचे ३ दिवस. तिथे एक जागा चार्ट लावतानाच रिकामी आहे, ओटी तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलाय. त्यावर सहा जणांच्या दांड्या. रोजचे जवळपास १२ तास, तीन दिवसांचे ३५ ते ३६.

बेरीज ९८ तास. तुमचे आले १०४. मला तर ही चूक वाटतच नाही.

गोळाबेरीज यांचं एका अर्थी बरोबर आहे, दांडी मोजायलाच हवी. पण २६४ मध्ये जादा माणसाला काही किंमतच दिलेली नाही, जणू प्रत्येक रजेमागे ओटी लागतो.

गोळाबेरीज

ठीक, रजा सोडून देऊ. मग १८ दांड्या गुणिले ८ म्हणजे १४४. तेही तुमच्या ९८ पेक्षा खूप जास्त आहेत आणि १०४ पेक्षाही.

जुना टाइमकीपर

हो, कारण त्या १८ पैकी बऱ्याच दांड्या पूर्ण दिवसांवर पडतात आणि आठवा माणूस त्या झेलतो. १८ पूर्ण दिवसांत १४४ ड्यूट्या आहेत, त्याचे ८ टक्के म्हणजे साडेअकरा दांड्या. त्यातल्या पावणेतीनच ओटीत जातात. उलट १४४ मध्ये त्या तीन दिवसांची आधीपासूनची रिकामी जागा धरलेलीच नाही. दोन चुका एकमेकींना थोड्या झाकतात म्हणून आकडा वरवर बरा दिसतो. पुढच्या महिन्यात रजा वेगळ्या पडल्या की झाकण उडेल.

एक सावधगिरी. तुम्ही ८ टक्के वेगळे काढलेत हे फार चांगलं केलंत. एचआरचा १४ चा टक्का रजा आधीच वजा केलेल्या चार्टवर लावला तर त्याच रजा दोनदा मोजल्या जातात. मी स्वतः हे दोन वर्षं करत होतो आणि विभागात "अंदाज नेहमी फुगवून देतो" असं नाव कमावलं होतं. भाजक नेहमी चार्टवर लागलेल्या ड्यूट्या, कॅलेंडरचे दिवस नव्हेत.

चार्टवाला

हे वाचून डोक्यात लख्ख झालं. "जादा माणूस पेटीत ठेवता येत नाही", हे साहेबांना सांगायला अगदी योग्य वाक्य आहे.

पण ५१, ३६, १३ हे आकडे कुठून आणलेत? दर दिवसाचं हातानं काढायला लागलो तर २० तारीख उलटून जाईल.

जुना टाइमकीपर

शीटमध्ये एका ओळीला एक दिवस ठेवा, आणि पाळ्या तीन असतील तर दर पाळीला एक ओळ. B मध्ये त्या दिवशी चार्टवर असलेली माणसं, C मध्ये दांडीची शक्यता (८ टक्के म्हणजे 0.08), D मध्ये जादा माणसं, म्हणजे B वजा लागणारी संख्या. सहा माणसांच्या दिवशी D मध्ये उणे एक येईल, ते तसंच राहू द्या. E मध्ये हे सूत्र:

```
=B2*C2-D2+IF(D2>=1,BINOM.DIST(0,B2,C2,TRUE),0)+IF(D2>=2,BINOM.DIST(1,B2,C2,TRUE),0)
```

त्या दिवशी सरासरी किती माणसांचा ओटी लागेल ते यातून मिळतं. ८ ने गुणलं की तास. जादा माणसं दोनपर्यंत असतील तर हे पुरतं. तीन असतील तर शेवटी त्याच धर्तीचा आणखी एक तुकडा जोडा, आत 2 घालून. ८ माणसं आणि १ जादा घालून बघा, ०.१५३ आलं तर सूत्र बरोबर उतरलंय.

तिसरी पाळी

सूत्र वगैरे ठीक आहे, पण तुम्ही रोज ८ टक्के धरताय. कुठल्याही विभागात सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस हे खरे दांडीचे दिवस. आमच्याकडे सोमवारी गैरहजेरी इतर दिवसांच्या दुप्पट असते. हे धरलं नाही तर अंदाज निम्माच येणार. सगळी मेख सोमवारात आहे.

चार्टवाला

आमच्याकडेही सोमवार जड जातो. मस्टर पाहिलं तर सोमवारी १४ टक्क्यांच्या आसपास, बाकी दिवशी ७. लावून बघतो आणि सांगतो.

चार्टवाला

लावून पाहिलं आणि निराश झालो. रोज आठ माणसं असलेला एक पूर्ण आठवडा घेतला. सगळे दिवस ८ टक्के धरले तर आठवड्याचे ८.६ तास. सोमवार १४ आणि बाकी ७ धरले तर ९.१. अर्ध्या तासाचा फरक! मी काही चुकवलं का? सोमवारी तर ३.४ तास दाखवतंय, इतर दिवसांच्या तिपटीहून जास्त.

जुना टाइमकीपर

काही चुकवलं नाहीत. सोमवार वाढला तसे बाकीचे सहा दिवस ८ वरून ७ वर उतरले, त्यामुळे बेरीज जवळपास तिथेच राहिली. जिथे जादा माणूस नाही अशा दिवसांत तर हिशेब सरळ गुणाकाराचा असतो. ते दिवस आठवड्यावर सारखे पसरलेले असतील तर दांड्या सोमवारी आल्या काय आणि गुरुवारी आल्या काय, महिन्याची बेरीज तीच राहते.

सोमवारचा उपयोग वेगळीकडे आहे. रजा मंजूर करताना. पूर्ण दिवसातून एक माणूस रजेवर सोडला तर त्या दिवसाचा ओटी किती वाढतो ते काढा. इतर दिवशी साधारण ३ तास वाढतो, सोमवारी साडेचार. म्हणजे तीच रजा सोमवारी दीडपट महाग. तुमच्या चार्टमधल्या रजा सोमवारकडेच झुकलेल्या असतील (आणि शनिवार-रविवारला जोडून लोक मागतातच) तेव्हा वारानुसार टक्के लावल्याने महिन्याच्या आकड्यात खरा फरक दिसेल. सरसकट "निम्मा येणार" असं नाही.

तिसरी पाळी

बरं, निम्मा हे मी अंदाजाने बोललो. पण सोमवारी फोन घ्यायला तुम्ही बसलेले नसता, आम्ही असतो. सकाळी पावणेसहाला "साहेब, आज जमणार नाही" हे चारदा ऐकलं की टक्केवारी आपोआप दुप्पट वाटते.

जुना टाइमकीपर

हे मान्य. आणि ते चार फोन लक्षात राहतात म्हणूनच मस्टर बघावं लागतं.

चार्टवाले, त्याच शीटवर आणखी एक गोष्ट बघा, ती तुम्हाला सोमवारपेक्षा जास्त देईल. एका दिवशी पहिली रजा दिली (आठाचे सात) तर ओटी सव्वातीन तासांनी वाढतो. त्याच दिवशी दुसरी दिली (साताचे सहा) तर सात तासांहून जास्त. तुमचे ते तीन सहा-माणसांचे दिवस आहेत ना, त्यातली दुसरी रजा एखाद्या पूर्ण दिवसावर सरकवता आली असती तर महिन्याचे १२ तास वाचले असते. दांड्या तेवढ्याच, रजा तेवढ्याच, माणसं तीच.

इन्चार्जबाई

मी रुग्णालयात वॉर्ड सांभाळते, त्यामुळे माझा चार्ट तुमच्यापेक्षा निर्दय आहे. आमच्याकडे ओटीचे पैसे नाहीत, जादा ड्यूटीच्या बदल्यात सुट्टी मिळते. वरिष्ठांना वाटतं खर्च शून्य. पण ती बदली सुट्टी पुढच्या महिन्याच्या चार्टवर मंजूर रजा म्हणून येऊन बसते आणि त्या दिवशी पुन्हा माणूस कमी पडतो, मग पुन्हा जादा ड्यूटी. मागच्या वर्षी एका सिस्टरच्या नावावर अशा १९ सुट्ट्या साठल्या होत्या. ओटी रोख देत असाल तर निदान तो त्याच महिन्यात संपतो.

आणि दुसरं. तुम्ही सगळे "प्रत्येकाची ८ टक्के शक्यता" म्हणताय, जणू प्रत्येक जण आपापलं नाणं उडवतोय. आमच्याकडे तापाची साथ आली की एकाच आठवड्यात चौघी आजारी. एकीचं पाठीचं ऑपरेशन झालं, ती सहा आठवडे नाही. हे त्या सूत्रात कुठे बसतं?

जुना टाइमकीपर

ताई, नेमकं बोट ठेवलंत. बसत नाही.

तुमच्या दोन उदाहरणांचं मी वेगवेगळं करेन. ऑपरेशनवाली लांबची रजा ही दांडी नव्हेच. कळल्या दिवशी तिला चार्टमधून काढायचं, म्हणजे B मधला आकडाच कमी होतो. शक्यतेच्या टक्क्यातूनही ती वगळायची, नाहीतर एका माणसाच्या सहा आठवड्यांमुळे सगळ्या विभागाचा टक्का फुगतो आणि ती परत आली तरी फुगलेलाच राहतो. मी तीन दिवसांपेक्षा लांब आजारपण वेगळ्या रकान्यात लिहायचो. तीनच का, याला शास्त्र नाही. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी दाखला लागायचा, म्हणून तिथे रेघ मारली.

साथ मात्र खरी अडचण आहे. दांड्या एकमेकींना धरून आल्या तर एकूण दांड्या तेवढ्याच असूनही पूर्ण दिवसांचा ओटी वाढतो, कारण जादा माणूस एकच दांडी झेलतो. १८ दांड्या १८ दिवसांवर एकेक आल्या तर पूर्ण दिवसांवर ओटी शून्य. त्याच दांड्या सहा दिवसांत तीन-तीन आल्या तर त्या सहा दिवसांत १२ ड्यूट्यांचा ओटी. सूत्र या दोन टोकांच्या मधलं एक चित्र धरतं, योगायोगाने पडलेल्या दांड्यांचं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. गेल्या सहा महिन्यांतले आठ माणसांचे दिवस घ्या आणि त्यातले किती दिवस शून्य, एक, दोन, तीन दांड्यांचे होते ते मोजा. १०० मागे ५१, ३६, १३ च्या जवळ असेल तर सूत्र चालू द्या. शून्याचे दिवसही जास्त आणि तिनाचेही जास्त, मधले एकाचे कमी, असं दिसलं तर तुमच्या दांड्या गटाने येतात. मग सूत्राला बाजूला ठेवा आणि मोजलेलीच वाटणी वापरा.

गोळाबेरीज

मग शेवटी ९८ हा आकडा द्यायचा की नाही? उद्या साथ आली तर तो १६० होईल. म्हणून म्हणत होतो, थोडं वर मागा.

जुना टाइमकीपर

यावेळी तुमच्याशी सहमत. ९८ हा मधला आकडा आहे, वचन नव्हे. दांड्या निव्वळ योगायोगाने पडतात असं धरलं तरी या एका पाळीचा महिन्याचा ओटी साधारण तीनपैकी दोन महिने ७४ ते १२२ च्या दरम्यान राहील, आणि दहातून एखाद्या महिन्यात १३० च्या आसपास किंवा त्याच्या वर जाईल. त्यामुळे मी दोन आकडे द्यायचो. खर्चाचा अंदाज ९८, आणि त्यासोबत "१३० च्या वर गेला तर मला विचारा, त्याखाली विचारू नका." अकाउंट्सला दुसरं वाक्य आधी आवडलं नाही, नंतर सवय झाली.

साथीसाठी वर किती ठेवायचं हे मी कधीच नीट सोडवू शकलो नाही.

चार्टवाला

आठवडाभराने परत आलो. दोन जुन्या महिन्यांचे चार्ट काढून शीटमध्ये भरले, खऱ्या ओटीशी ताडून पाहिले. एका महिन्यात शीट म्हणते ७६, रजिस्टर म्हणतं ७०. दुसऱ्यात शीट १२१, रजिस्टर १६३. त्या दुसऱ्या महिन्यात एकाच आठवड्यात चौघांना ताप आला होता, मस्टरवर लाल रेघांची रांगच आहे. ताईंचं म्हणणं तिथे तंतोतंत उतरलं.

१६३ मधून आणखी एक गोष्ट निघाली. त्यातले २२ तास गैरहजेरीचे नव्हतेच. महिन्याअखेर काम साचलं म्हणून सगळे हजर असताना दोघांना थांबवलं होतं. रजिस्टरवर कारणाचा रकाना आहे, पण सुपरवायझर सगळीकडे "कामाची निकड" असंच लिहितो. म्हणजे गैरहजेरीचा १४१ आणि अंदाज १२१.

तिसरी पाळी

तो रकाना आम्ही भरतो, आणि पहाटे सहाला "कामाची निकड" एवढंच सुचतं. दोन खुणा द्या, "माणूस कमी" आणि "काम जास्त". त्याहून जास्त पर्याय दिले तर कोणी भरणार नाही.

चार्टवाला

दोनच देतो. या महिन्यापासूनच.

आता पैशांचं. तास आले, पण अकाउंट्सला रक्कम हवी. आमच्याकडे ओटीचा दर दुप्पट. मी विभागाचा सरासरी ताशी पगार घेऊन दुपटीने गुणतो. एवढं पुरे का?

इन्चार्जबाई

ओटी कोण घेतं ते बघा. आमच्याकडे जादा ड्यूटीला नेहमी त्याच तिघी पुढे येतात आणि त्या सगळ्यात ज्येष्ठ आहेत. पैसे द्यायचे असते तर सरासरीपेक्षा महागच पडल्या असत्या.

चार्टवाला

बघितलं. गेल्या तीन महिन्यांतल्या ओटीचे निम्म्याहून जास्त तास तीन सीनियर लोकांच्या नावावर आहेत. तासांच्या प्रमाणात काढलं तर ओटी घेणाऱ्यांचा ताशी पगार विभागाच्या सरासरीच्या १.१५ पट पडतो. म्हणजे सरासरी ताशी पगार एक धरला तर ९८ तासांचे होतात ९८ गुणिले २ गुणिले १.१५, साधारण २२५. मी १९६ लिहीत होतो. तास बरोबर असते तरी रक्कम १५ टक्क्यांनी चुकलीच असती.

जुना टाइमकीपर

आणि हजेरीचा महिना कुठे तुटतो तेही बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी हजेरी २१ ते २० धरतात आणि पगार त्यावर निघतो. तुमचा चार्ट १ ते ३० चा असेल तर शेवटच्या दहा दिवसांचा ओटी पुढच्या पगारात दिसेल. शीटमध्ये रोजची ओळ आहे, त्यामुळे बेरीज २१ ते २० अशी केलीत की काम झालं. महिन्याच्या सरासरीने चालणाऱ्यांना हे जमत नाही, तेही मग साथीला दोष देतात.

गोळाबेरीज

एक शंका उरली. तिन्ही पाळ्यांची वेगळी बेरीज करताय, पण सकाळचा जादा माणूस दुपारी वापरता येतो की. दुपारी दोघे नसतील आणि सकाळी सगळे हजर, तर सकाळच्या आठव्याला सांगायचं, घरी जा आणि दोनला ये. मग ओटी कमी होईल.

तिसरी पाळी

पाचला उठून आलेल्या माणसाला घरी जा आणि दोनला ये असं तुम्ही सांगा, मी लांबून बघतो.

जुना टाइमकीपर

कागदावर गोळाबेरीज यांचं बरोबर आहे. जादा माणसं पाळीला न बांधता एकत्र ठेवली तर तेवढ्याच दांड्यांना कमी ओटी लागतो. आमच्याकडे दोन रिलीव्हर कुठल्याच पाळीत नव्हते, आदल्या संध्याकाळी कळेल तिथे जायचे. ओटी उतरला होता हे खरं, पण ते दोघे वर्षभरात सोडून गेले आणि त्या जागेवर कोणी टिकलं नाही. त्यामुळे फायदा झाला की तोटा, हे मी अजूनही सांगू शकत नाही.

चार्टवाला

रिलीव्हरचं साहेबांपुढे सध्या काढत नाही. पुढच्या महिन्याचा चार्ट आज लागला. सहा माणसांचे दिवस दोन होते. एकाला विचारलं, रजा दोन दिवस पुढे घेशील का, तो हो म्हणाला. दुसऱ्याच्या घरी लग्न आहे, तो नाही म्हणाला, ते बरोबरच आहे. सकाळच्या पाळीचा आकडा ८७ आणि वरची रेघ ११५ अशी दिलीय. दुपार आणि रात्रीच्या ओळी भरायच्या बाकी आहेत. रात्रीचा दांडीचा टक्का मस्टरवरून ११ येतोय आणि तिथे जादा माणूसच नाही.

तिसरी पाळी

रात्रीचं भरताना मला विचारा. त्या ११ मधले काही जण दांडीवर नसतात, तुमचाच सकाळचा ओटी करून थकलेले असतात.